दस्तात रा. कर्जत

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आयकर खात्याची नोटीस ठेवून तो म्हणाला, “ताई, यात काय लिवलंय, जरा बघता का? घरात कुनाला सांगितलं नाय अजून.”

हा माणूस दर महिन्याला आईची बीपीची आणि शुगरची औषधं न्यायला यायचा. खालापूरकडचं गाव, घरची थोडी भातशेती, नोकरी साजगावच्या कारखान्यात. रात्रपाळी करून थेट दुकानात यायचा, डोळे तारवटलेले, पण कधी उधारी नाही की उगाच घासाघीस नाही. मागच्या गणपतीत माझ्या मोठ्या भावाचा कर्जतमधला प्लॉट त्यानेच विकत घेतला होता. बँकेचं कर्ज काढून, बायकोचे दागिने ठेवून. मुलींना शाळेला गाव लांब पडतं म्हणून.

मी नोटीस वाचली. तुम्ही अनिवासी भारतीयाकडून जमीन घेतलीत, त्याला पैसे देताना कायद्याप्रमाणे कर कापला नाहीत, तेव्हा तो कर व्याजासकट तुमच्याकडूनच का वसूल करू नये, असं साहेबांनी विचारलं होतं. रक्कम मी दोनदा वाचली. त्याच्या घराचा अजून नुसता पायाच झाला होता. त्या पैशात त्याचं अख्खं घर उभं राहिलं असतं.

“काय हाय वो?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “बस आधी. पाणी पी.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती आग ना त्या साहेबावर होती, ना या बिचाऱ्यावर. ती माझ्या दादावर होती.

दादा अमेरिकेत गेला त्याला आता एवढी वर्षं झाली की त्याची मुलं मला मराठीत फक्त “आत्या, हाऊ आर यू” म्हणतात. पण कागदावर दादा कधी गेलाच नाही. आधार कार्डावर कर्जत, पॅन कार्डावर कर्जत, इथल्या बँकेत जुनं बचत खातं, त्यातही पत्ता कर्जत. बँकेला कळवायला हवं होतं की मी आता इथला रहिवासी नाही, खातं अनिवासींच्या प्रकारात बदला. नाही कळवलं. मी कितीदा म्हटलं असेल! तर हसायचा. “अगं, पत्ता बदलला की माणूस परका होतो. मी कर्जतचाच.” आमच्या घरात सगळ्यांना हे फार गोड वाटायचं. आई होती तेव्हा तर तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं. तो प्लॉट बाबांनी घेतलेला. बाबा गेल्यावर मी हक्कसोड करून दिली, एक पैसा न घेता, सगळ्या बहिणी करतात तशी. ती माझी राजीखुशी होती, तिच्याबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. म्हणजे खरं तर बरंच म्हणायचं आहे, पण ते पुन्हा कधी.

गणपतीला दादा आला, व्यवहार ठरला, दस्त त्याने स्वतः सही करून नोंदवला. दस्त लिहिणाऱ्याने त्याचं आधार कार्ड बघितलं आणि लिहिलं: रा. कर्जत, जि. रायगड. कुणी काही विचारलं नाही, दादा काही बोलला नाही. रहिवाशाकडून जमीन घेतली की घेणाऱ्याने शंभराला एक रुपया कर कापून सरकारात भरायचा असतो, तेवढा दस्तवाल्याच्याच पोराने ऑनलाइन भरून दिला. विकणारा परदेशात राहणारा असेल तर मात्र कितीतरी जास्त कापावा लागतो, शंभराला साडेबारा आणि वर आणखी. हे त्या कारखान्यातल्या माणसाला कुठून माहीत असणार? उरलेल्या पैशांचा चेक दादाच्या जुन्या खात्यात जमा झाला. पेढे वाटले, आणि दादा विसर्जन झाल्यावर परत गेला.

मग दादाला ते पैसे तिकडे न्यायचे झाले. मुलाला घर घ्यायचं होतं. बँकेत गेल्यावर कळलं, परदेशात पैसे पाठवायचे तर खातं अनिवासींचं हवं, सीएचा दाखला हवा, आयकराच्या साइटवर स्वतः घोषणा भरायला हवी आणि बँकेलाही सही करून लिहून द्यायला हवं की हे पैसे कशाचे आणि त्यावरचा कर भरला आहे. एका झटक्यात आमचा कर्जतकर अमेरिकेचा रहिवासी झाला! पासपोर्टच्या प्रती आल्या, तिकडच्या पत्त्याचे कागद आले, खातं बदललं. आता मात्र पत्ता बदलल्याने तो परका वगैरे काही झाला नाही.

कागदांची हमाली माझ्याकडे. दादाने बँकेत पत्र दिलं होतं की माझे कागद माझी बहीण आणून देईल, न्यायचे ते घेऊन जाईल. मी आधी गेले आमच्या कर्जतच्या सीए बाईंकडे. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण जिभेने माझ्या तोडीस तोड. त्यांनी दस्त वाचला, कराची पावती बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“यांनी एक टक्का कापलाय. तुमचा भाऊ एनआरआय आहे ना?”

“हो.”

“मग मी काय दाखला देऊ? कर पुरता कापलेला नाही, भावाने स्वतःही भरलेला नाही. त्यांना सांगा, नफ्यावरचा कर भरा, वर्ष संपलं की रिटर्न भरा, मग मी सही करते. उगाच सही करून मला माझं लायसन घालवायचं नाही.”

मी दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, “कर कापायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. त्याने कापला नाही तर ते त्याचं आणि सरकारचं. माझा काय संबंध?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “अरे, पण दस्तात तू कर्जतचा राहणारा म्हणून सही केलीस!”

“ते त्या दस्तवाल्याने लिहिलं. मी वाचलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी मी सीए बाईंना तावातावाने विचारलं, हे खरं का? त्या म्हणाल्या, “कायदा तसंच म्हणतो, ताई. कापायचं काम घेणाऱ्याचं. खोटं कुणी बोललं ते नंतर बघतात, आधी वसुली. विकणारा अमेरिकेत, घेणारा साजगावला. साहेबांचा हात कुणापर्यंत पोचणार, तुम्हीच सांगा.”

त्यानंतर दादाने मला न विचारता मुंबईतला कुणी सीए इंटरनेटवरून गाठला. त्याने ना दस्त नीट वाचला ना कुणाला काही विचारलं, पैसे घेतले आणि आयकराच्या साइटवर दाखला चढवून दिला. त्याच्या जोरावर दादाने ऑनलाइन घोषणाही भरली. आणि त्या घोषणेतच सगळं उघड लिहिलेलं! पाठवणारा अनिवासी, पैसे प्लॉटच्या विक्रीचे, कर कापला एक टक्का. ते आयकराच्या साहेबांना दिसणारच होतं. दादाचे पैसे बँकेतून हलायच्या आधी नोटीस त्या माणसाच्या घरी पोचली. म्हणजे दादाने आपल्या हाताने त्याला पकडून दिलं आणि वर म्हणे माझा काय संबंध!

नोटिशीचं उत्तर द्यायला सीए बाई त्याला मुंबईच्या आयकर कार्यालयात घेऊन गेल्या. मीही गेले. का गेलीस, असं दादाने नंतर खवचटपणे विचारलं. गेले, कारण माझ्या घरच्या माणसाच्या पापासाठी तो तिथे उभा राहणार होता, आणि मी गल्ल्यावर बसून खोकल्याची औषधं विकत राहिले असते तर मला घास गेला नसता.

साहेब तरुण होते, चेहरा थकलेला, बोलणं सभ्य. त्यांनी विचारलं, “विकणारा परदेशात राहतो हे तुम्हाला माहीत होतं का?”

सीए बाईंनी येताना गाडीत त्याला बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. पण हा माणूस म्हणजे सरळ काठी. “हो साहेब. अख्ख्या कर्जतला म्हाईत हाय. अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर हायेत ते.”

सीए बाईंनी डोळे मिटले.

“मग एक टक्काच का कापला?”

“ते कर्जतचेच हायेत ना साहेब. त्यांचं घर हितं हाय, बहीन हितं हाय, गनपती हितं बसतो. मानूस कामाला कुठं बी जातो. आमच्या गावची पोरं दुबईला जात्यात, म्हनून काय ती दुबईची झाली? आनि दस्तात बी तसंच लिवलंय, बघा.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी दस्ताचं ते पान बघितलं, पेनाने खूण केली आणि म्हणाले, “मला तुमचं म्हणणं कळतं. पण कायद्यात माणूस कुठला आहे ते विचारत नाहीत, वर्षातले किती दिवस इथे राहतो ते विचारतात.” मग सीए बाईंकडे वळून म्हणाले, “विकणाऱ्याने रिटर्न भरलं, त्यात ही विक्री दाखवली, कर भरला आणि तसा सीएचा दाखला तुम्ही आणलात तर यांच्यावर कराचा बोजा टाकणार नाही. मात्र कर कापायला हवा होता त्या दिवसापासून विकणारा रिटर्न भरेल त्या दिवसापर्यंतचं व्याज यांना भरावंच लागेल. महिन्याला एक टक्का.”

म्हणजे त्याची सुटका दादाच्या हातात! आणि दादा जितका उशीर करेल तितकं व्याज या माणसाच्या बोडक्यावर. हे ऐकून मी तिथेच काहीतरी बोलणार होते, पण सीए बाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला.

दादा रिटर्न भरेपर्यंत साहेबांनी मुदत दिली. परतताना तो खिडकीशी बसून बाहेर बघत होता. नेरळ आल्यावर म्हणाला, “ताई, मी चुकीचं बोललो का?” मी म्हटलं, “नाही रे बाबा, तू एकटाच बरोबर बोललास.” आणि मला रडू आलं. रागाने येतं ना, तसलं.

मी दादाला फोन केला, पुन्हा केला, मेसेज टाकले. तो म्हणाला, विचार करतो. म्हणाला, इकडे टॅक्सवाल्याला विचारतो. मग म्हणाला, तू लहानपणापासून अशीच, बाहेरच्यांचा कळवळा. आणि एक दिवस कुरिअर आलं. बँकेला द्यायची घोषणा, दादाने सही करून पाठवलेली. सोबत मेसेज: मुंबईच्या सीएचा दाखला आहेच, हे तेवढं बँकेत देऊन टाक, मुलाचं घर हातचं जाईल.

मी ते पान वाचलं. त्यात छापलेलंच होतं की या रकमेवरचा सर्व कर भरलेला आहे आणि वर दिलेली माहिती खरी आहे. खाली दादाची सही, शाळेत असल्यापासून करतो तशी, शेवटी शेपटी काढलेली.

पान देऊन टाकलं असतं तर पैसे गेले असते, भाचा घरात राहायला गेला असता, आणि दादाला रिटर्न भरायला भाग पाडणारं इथे काहीएक उरलं नसतं. ते मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी त्या पानासकट बँकेत गेले. म्हटलं, जे करायचं ते उघड करू. कपाटात दडवून ठेवायला मी काय चोर आहे?

बँकेतल्या साहेबांनी फाइल उघडली. “छान, एवढंच राहिलं होतं, मॅडम.”

मी पान हातातच धरून म्हटलं, “साहेब, यात लिहिलंय कर भरलाय. तो भरलेला नाही. ज्याने प्लॉट घेतला त्याला आयकराची नोटीस आली आहे. ही बघा प्रत.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “पण मॅडम, तुम्ही तर त्यांच्या बहीण ना?”

“म्हणूनच मला माहीत आहे.”

त्यांनी नोटीस वाचली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “आता हे माझ्या नजरेला आल्यावर मी पैसे पाठवू शकत नाही. सीएचा दाखला परत नीट करून घ्यावा लागेल. मी तुमच्या भावाला तसं मेल करतो.”

“करा,” मी म्हटलं. “आणि मीच सांगितलं असंही लिहा. त्याच्या पाठीमागे काही नको.”

घरी पोचते तोवर फोन. दादा एवढा ओरडला की फोन कानापासून लांब धरूनही शेजारणीला ऐकू गेला असता. “तू माझी बहीण आहेस की त्या माणसाची? सख्ख्या भावाचं वाटोळं करायला निघालीस?” मीही काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, “अरे, तुझे पैसे बँकेत सुरक्षित आहेत, त्यावर व्याज मिळतंय! त्याच्या डोक्यावर मात्र चढतंय. तुझा कर तू भर आणि तुझे पैसे खुशाल ने, मी स्वतः आणून देते सगळे कागद. नफा तुला झाला ना? की तोही त्या दस्तवाल्याला झाला?”

त्याने फोन आपटला. भाऊबीज तशीच गेली, साधा मेसेजही नाही. संक्रांत गेली. मार्च संपला तरी दादाने तोंड उघडलं नाही. रुसून बसला होता, एखादा जावई बसतो तसा. आणि इकडे महिन्यामागून महिना एक टक्का. तो माणूस औषधं न्यायला यायचा, काही विचारायचा नाही. मीच त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

शेवटी भाच्याने दादाला काहीतरी सुनावलं असावं, किंवा ते घर खरंच हातचं जायची वेळ आली असावी. उन्हाळा सरता सरता दादाने कर भरला, सीए बाईंकडूनच रिटर्न भरून घेतलं. बाईंनी आधी त्या माणसासाठीचा दाखला केला, आयकराच्या साहेबांकडे पोचवला, त्याची पोच हातात आल्यावरच बँकेसाठीच्या दाखल्यावर सही केली. दादाने नव्याने घोषणा भरली, खऱ्या शब्दांची. मी ती बँकेत दिली आणि पैसे गेले. सगळं सुरळीत झालं म्हणून दादाने चार ओळींचा मेसेज टाकला, त्यात माझं नाव नव्हतं की त्या माणसाचा उल्लेख नव्हता.

साहेबांचा आदेश आला. कराचा बोजा काढून टाकला होता. व्याज तेवढं उभं होतं, आणि दादाच्या रुसव्याचे सगळे महिने त्यात होते. मी ठरवलं होतं, ते दादाकडूनच वसूल करायचं. त्याच्या दारात जाऊन बसायची वेळ आली तरी बेहत्तर. म्हणून मी सीए बाईंना विचारलं, नक्की आकडा सांगा.

“तुम्हाला माहीत नाही?” त्या म्हणाल्या. “त्यांनी भरलं की. मागच्या आठवड्यात चलन घेऊन गेले.”

मी दुकान मदतनीस मुलीवर टाकलं आणि सरळ त्याच्या प्लॉटवर गेले. भिंती छातीएवढ्या आल्या होत्या, पण काम बंद. गवंडी नाही, मजूर नाही. तो एकटाच विटांवर पाणी मारत होता.

“तू मला न सांगता व्याज भरलंस?” मी लांबूनच ओरडले. “कुणी सांगितलं तुला? ते दादाने भरायचं होतं! काम का थांबलंय? बोल!”

त्याने पाइप खाली ठेवला. “स्लॅबचे पैशे व्हते, ते दिले. पावसाच्या नंतर बघू काम. वरडू नका ताई. तुमाला सांगितलं असतं तर तुमी परत भावाशी भांडला असता. माज्यापायी एक बी सन गोड गेला नाय तुमचा. आता बास झालं.”

 त्याच्या अर्ध्या भिंतींमध्ये उभी राहून मी तिथूनच दादाला फोन लावला. तिकडे रात्र होती, तरी उचलला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, “बरं, किती ते सांग. पाठवतो.”

“पाठव,” मी म्हटलं. “इकडे पाठवायला तुला कुणाची सही लागत नाही.”

ह्याला पावसाळा उलटून गेला. पैसे अजून आलेले नाहीत. त्या घरावर स्लॅब नाही.